एक वाक्य, तीन शब्द आणि दोनशे शब्दांची गोष्ट : मराठी शिकणाऱ्यांच्या मधल्या वर्गासाठी

मी मोठ्या माणसांना मराठी शिकवते, म्हणजे नोकरीसाठी किंवा लग्न होऊन इकडे आलेली हिंदी, तमिळ, गुजराती घरातली माणसं. पहिल्या वर्गात ती भाजी घ्यायला, रिक्षावाल्याशी बोलायला शिकतात, आणि मधल्या वर्गात आली की मी त्यांना गोष्ट लिहायला लावते. पहिलं वाक्य मी देते, सोबत तीन शब्द देते, आणि चाळीस मिनिटांत साधारण दोनशे शब्दांत गोष्ट पुरी करायची. बहुतेकांना वाटतं की कल्पनाशक्ती हवी, ती आमच्याकडे नाही. पण अडतं ते कल्पनेमुळे नाही, अडतं ते दिलेलं वाक्य नीट न वाचल्यामुळे आणि तीन शब्द कुठेतरी कोंबून टाकल्यामुळे, आणि या दोन्ही गोष्टींवर उपाय आहे.

एकच उदाहरण घेऊन शेवटपर्यंत जाऊया. वाक्य असं : "रात्रीची शेवटची एसटी निघून गेली होती आणि स्टँडवर मी एकटाच उरलो होतो." आणि शब्द : डबा, कुलूप, शिट्टी.

आधी एका विद्यार्थ्याने पहिल्या फटक्यात काय लिहिलं होतं ते बघा, थोडं लहान करून देते. "मी खूप घाबरलो होतो. मी डबा बघितला होता. एक घर होतं, त्याला कुलूप होतं. मग पोलिसाने शिट्टी वाजवली होती. मग माझा मित्र गाडी घेऊन आला होता आणि मी घरी गेलो होतो. मी शिकलो की वेळेवर यायला पाहिजे." व्याकरणाच्या मोठ्या चुका यात जवळपास नाहीत, तिन्ही शब्द आलेत, आणि तरी गोष्ट झाली नाही. डबा बघितला आणि सोडून दिला, कुलूप कुठल्या घराचं ते माहीत नाही, पोलीस आला कशाला आणि गेला कुठे तेही नाही. तिन्ही शब्द हजेरी लावून गेले, काम कुणीच केलं नाही.

पहिली पायरी, पाच मिनिटं : दिलेलं वाक्य फोडा

पेन लगेच चालवू नका. वाक्याने काय ठरवून टाकलंय आणि काय उघडं ठेवलंय ते दोन ओळींत लिहा. आपल्या वाक्यात वेळ ठरली, रात्र. जागा ठरली, स्टँड. सांगणारा "मी" आहे. आणि मराठीत अजून एक गोष्ट गुपचूप ठरते जी खूप जणांच्या लक्षातच येत नाही, ती म्हणजे हा "मी" पुरुष आहे, कारण "एकटाच उरलो" असं लिहिलंय. बाई असती तर "एकटीच उरले होते" झालं असतं. वर्गातल्या बायका सवयीने पुढे "मी बसले, मी म्हणाले" लिहितात आणि दुसऱ्याच ओळीत माणूस बदलतो, आणि याचे मार्क जातात. मी आता वाक्य देताना दोन्ही रूपं फळ्यावर लिहिते आणि म्हणते एक निवडा पण मग शेवटपर्यंत तेच धरा. परीक्षेत मात्र वाक्य जसं आहे तसंच ठेवावं लागतं, तिथे पुरुष होऊनच लिहायचं.

उघडं काय आहे? तो कुठे निघाला होता, गाडी का चुकली, आता रात्र कशी काढणार. हे तीन प्रश्न झाले, पण तिन्हींची उत्तरं द्यायची नाहीत. दोनशे शब्दांत एकच प्रश्न पुरतो. मी "रात्र कशी काढणार" हा घेते कारण तो पुढे नेतो. "गाडी का चुकली" घेतला की तुम्ही मागे जाता, ट्रॅफिक, बॉस, मोबाईल बंद, आणि शंभर शब्द गोष्ट सुरू व्हायच्या आधीच संपतात.

दुसरी पायरी, दहा मिनिटं : तीन शब्दांना काम द्या

प्रत्येक शब्दासमोर तीन गोष्टी लिहा : लिंग, प्रत्यय लागल्यावर रूप काय होतं, आणि त्याच्यासोबत कुठली क्रियापदं येतात. हे कोरडं वाटेल पण गोष्ट खरं म्हणजे इथूनच सुचते.

डबा, तो डबा, डब्यात, डब्यातून. डबा भरतात, उघडतात, देतात, विसरतात, आणि रेल्वेलाही डबा असतो. कुलूप, ते कुलूप, कुलपाला, कुलपाची किल्ली. कुलूप लावतात, उघडतात, तोडतात, आणि काही कुलपं नुसती दाबली की लागतात, किल्ली लागत नाही. शिट्टी, ती शिट्टी, शिट्टीने, शिट्ट्या. कुकरची होते, पोलिसाची वाजते, पोरं मारतात, आणि एसटी स्टँडवर गाडी मागे घेताना कंडक्टर मागे उभा राहून वाजवतो.

बघा, एसटी स्टँडवरची शिट्टी मिळाली. गोष्ट स्टँडवर आहे, तर शिट्टीसाठी पोलीस आणायची गरजच नाही, ती त्या जागेतच होती. आणि दाबून लागणारं कुलूप हेही याच यादीत सापडलं, पुढे शेवट त्याच्यावरच उभा राहणार आहे. म्हणून म्हणते, शब्दाचा पहिला अर्थ सुचला की तिथे थांबू नका, निदान तिसऱ्यापर्यंत जा.

शिकवणाऱ्यांसाठी इथेच सांगून टाकते, मी हे शब्द निवडतानाच एक पुल्लिंगी, एक स्त्रीलिंगी, एक नपुंसकलिंगी असा घेते. डबा उघडला, शिट्टी वाजली, कुलूप लागलं. तीन शब्दांत तिन्ही लिंगांचं भूतकाळी क्रियापद लिहावंच लागतं, विद्यार्थ्याला पळवाट राहत नाही. आणि तिन्ही हाताने धरता येणाऱ्या किंवा कानाने ऐकू येणाऱ्या वस्तू असाव्यात. मी एकदा "प्रामाणिकपणा" दिला होता, तर पंधराच्या पंधरा गोष्टींत शेवटी उपदेश आला, तेव्हापासून बंद केलं.

आता काम वाटायचं. माझी सोपी पद्धत अशी : एक शब्द दोन माणसांना जवळ आणतो, एक शब्द वेळ बदलतो, आणि एक शब्द दोनदा येतो, आधी एका अर्थाने आणि शेवटी दुसऱ्या अर्थाने. डबा माणसं जवळ आणेल, कारण खाणं वाटून घेता येतं. शिट्टी पहाट आणेल, म्हणजे रात्रीचं वर्णन करत बसायला नको. कुलूप दोनदा येईल, आधी कुणीतरी ते मला बाहेर ठेवून लावतो, आणि शेवटी मीच लावतो.

तिसरी पायरी : शेवटचं वाक्य आधी लिहा

यादी झाली की लगेच, कागदाच्या खाली, शेवटची घटना एका ओळीत लिहून ठेवा. आमची : "पहाटे मी कँटीनला कुलूप लावतो." एवढंच. आता गोष्टीला विचारायचं की कँटीनचं कुलूप परक्या माणसाच्या हातात आलं कसं, आणि मधला सगळा भाग त्या प्रश्नाचं उत्तर असतो. शेवट आधी नसला की पंचविसाव्या मिनिटाला विद्यार्थी अडकतो आणि मग मित्र गाडी घेऊन येतो किंवा "तेवढ्यात मला जाग आली, ते स्वप्न होतं". ही दोन वाक्यं दिसली की समजायचं शेवट ठरवलेला नव्हता.

माणसं दोनच ठेवा, जागा एकच. तिसरा माणूस आला की त्याची ओळख करून द्यावी लागते, आणि तुमच्याकडे साधारण वीसच वाक्यं आहेत.

चौथी पायरी, वीस मिनिटं : लिहा, आणि काळ सांभाळा

मधल्या वर्गात सगळ्यात जास्त लाल पेन इथे चालतं. दिलेलं वाक्य "गेली होती, उरलो होतो" असं आहे म्हणून विद्यार्थी पुढची सगळी वाक्यं पण होतो-होतीत लिहितात, वरचा नमुना बघा, "बघितला होता, वाजवली होती, आला होता". पण "गेली होती" म्हणजे गोष्ट सुरू व्हायच्या आधीच झालेलं. तुम्ही सगळंच तसं लिहिलं तर सगळंच आधी घडून गेलेलं वाटतं, डोळ्यासमोर काहीच घडत नाही. मी वर्गात असं सांगते : आधी झालेलं असेल तर "थांबला होता", मागे चालू असेल तर "ठेवत होते", आणि आत्ता घडलं, गोष्ट एक पाऊल पुढे गेली, तर साधं "लावलं, काढला, थांबले". पाऊल टाकणाऱ्या वाक्यात होतो-होती नको.

दुसरी गोष्ट ने ची. हिंदीवाले "मैंने" च्या सवयीने "मीने डबा उघडला" लिहितात. मी ला आणि तू ला ने लागत नाही, त्याला, तिला, काकांना लागतो : मी डबा उघडला, काकांनी कुलूप उघडलं. क्रियापद दोन्हीकडे वस्तूच्या मागे जातं, करणाऱ्याच्या नाही, म्हणून बाईने लिहिलं तरी "मी डबा उघडला"च. पण म्हणणे, विसरणे, जेवणे, पिणे यांना ने नाही : काका म्हणाले, मी किल्ली विसरलो. आणि विचारणे, सांगणे यांना आहे : काकांनी विचारलं. गोष्टीत संवाद असतोच म्हणून "म्हणाले" आणि "विचारलं" ही जोडी तरी पाठच करा.

तिसरी, पोहोचून, शोधून यांतल्या ऊन ची. "मी स्टँडवर पोहोचून एसटी निघून गेली" असं चालत नाही कारण पोहोचला एक आणि निघाली दुसरी. ऊन लावलं तर दोन्ही कामं एकाचीच हवीत : "मी कोरडी जागा शोधून बसलो". माणूस बदलला की "मी पोहोचलो तोवर एसटी निघून गेली होती".

संवाद छोटे ठेवा आणि माणसं जशी बोलतात तसेच लिहा. स्टँडवरचा कँटीनवाला अनोळखी माणसाला "तुम्ही" म्हणेल, आपण त्याला "काका" म्हणू, आणि काका म्हटलं की क्रियापदही आदराचं, "काका थांबले", "काका थांबला" नाही. "मला खूप भीती वाटली, मी खूप दुःखी झालो" अशी वाक्यं टाळा, ओली बाकं आणि बंद होणारा दिवा लिहिला की पुरे.

आता मी वर्गासोबत फळ्यावर लिहिलेली गोष्ट :

रात्रीची शेवटची एसटी निघून गेली होती आणि स्टँडवर मी एकटाच उरलो होतो. पाऊस नुकताच थांबला होता. बाकं ओली होती. कँटीनवाले काका खुर्च्या एकावर एक ठेवत होते.

"साताऱ्याची गाडी?" मी विचारलं.

"गेली. आता पहाटे साडेपाचला."

काकांनी दिवा बंद केला, दार ओढलं आणि कुलूप लावलं. मी कोरडी जागा शोधून बसलो आणि पिशवीतून डबा काढला. मावशीने आईसाठी पुरणपोळ्या दिल्या होत्या. झाकण उघडलं तसा तुपाचा वास सुटला. काका जाता जाता थांबले.

"काका, जेवलात का?"

"दिवसभर लोकांना वाढतो. माझं रोजच राहतं."

मी डबा पुढे केला. त्यांनी एक पोळी घेतली, उभ्यानेच खाल्ली आणि काही न बोलता कुलूप उघडलं.

"आत झोपा, बाहेर डास खातील. पहाटे शिट्टी ऐकली की उठा, साताऱ्याचीच गाडी मागे घेतात. जाताना कुलूप दाबा."

"आणि किल्ली?"

"ती माझ्याकडे आहे."

काका सायकलवर बसून गेले. मी दोन टेबलं जोडली आणि आडवा झालो. काकांचा गल्ला माझ्या उशाशीच होता.

शिट्टीने जाग आली. बाहेर अंधारात गाडी मागे येत होती. डब्यात एक पोळी उरली होती, ती मी ताटलीत ठेवली आणि वर दुसरी ताटली झाकली. बाहेर आलो, दार ओढलं, कुलूप दाबलं. दोनदा ओढून बघितलं आणि मग गाडीकडे पळालो.

दोनशे शब्दांच्या आतच बसली. यात काय केलंय ते मागे जाऊन बघा. "काकांनी माझ्यावर विश्वास ठेवला" असं वाक्य कुठेच नाही, त्याऐवजी गल्ला उशाशी आहे आणि कुलूप दोनदा ओढून बघितलंय. हे दोन तपशील पहिल्या मसुद्यात नव्हते. तिथे शेवटी "मला काकांचा विश्वास खूप आवडला" असं होतं, वर्गातल्याच एका ताईंनी विचारलं की विश्वास ठेवला म्हणजे नक्की काय केलं, आणि तिघाचौघांनी मिळून गल्ला आणला. मी तेव्हापासून हाच प्रश्न सगळ्यांना विचारते. प्रेम, राग, विश्वास, भीती असा शब्द आला की त्याच्या शेजारी लिहायचं, "म्हणजे नक्की काय केलं?", आणि जे उत्तर येईल ते ठेवून मूळ वाक्य खोडायचं.

"जाताना कुलूप दाबा" हे वाक्य पण मुद्दाम आधी पेरलंय. ते नसतं तर शेवटी मी किल्लीशिवाय कुलूप कसं लावलं असा प्रश्न वाचणाऱ्याला पडला असता. तसंच शिट्टीचं, काकांनी रात्रीच सांगितलं म्हणून पहाटे नुसतं "शिट्टीने जाग आली" एवढं पुरलं, तिथे समजावत बसावं लागलं नाही. शेवटी जी वस्तू लागणार ती मधे एकदा, साध्या बोलण्यात, दाखवून ठेवायची.

पाचवी पायरी, उरलेली पाच मिनिटं : तीनदा वाचा, दर वेळी एकाच गोष्टीसाठी

सगळं एकदम तपासायला गेलात तर काहीच दिसत नाही. पहिल्यांदा फक्त "मी" शोधा आणि त्याचं क्रियापद बघा, उरलो, बसलो, पळालो, सगळीकडे तोच माणूस आहे का. दुसऱ्यांदा फक्त वस्तू आणि तिचं क्रियापद, पोळ्या दिल्या, दार ओढलं, डबा काढला, जोडीला बोट लावत जा. तिसऱ्यांदा होता-होतीवर गोल करा. आमच्या गोष्टीत असे गोल सुरुवातीच्या चार ओळींत दाट आहेत आणि मग विरळ होत जातात, पुढे फक्त पोळ्या, गल्ला, मागे येणारी गाडी आणि उरलेली एक पोळी. तुमच्या कागदावर गोल शेवटपर्यंत सारखेच दाट असतील तर मधली वाक्यं साध्या भूतकाळात आणा.

शब्द कोंबलाय की नाही याची परीक्षाही सोपी आहे, दिलेला शब्द बोटाने झाका आणि गोष्ट वाचा. डबा झाकला तर काका थांबतच नाहीत, गोष्ट तुटते, म्हणजे डब्याने काम केलं. वरच्या विद्यार्थ्याच्या कागदावर डब्याचं वाक्य झाकून बघा, काहीच फरक पडत नाही.

तपासणाऱ्यांनी एक करावं, पहिल्या वाचनात लाल पेन हातात घेऊच नये. मी आधी कागदाच्या वर एकच ओळ लिहिते, वाचताना मला कुठे पुढे काय होणार असं वाटलं ते, आणि मग चुकांपैकी एकाच प्रकारच्या खुणा करते, त्या आठवड्यात ने शिकवला असेल तर फक्त ने. सगळ्या चुका एकदम लाल केल्या की पुढच्या वेळी माणूस चार वाक्यं लिहितो, चारही बरोबर, आणि गोष्ट नसते.

नमुना लिहिणारा तो विद्यार्थी, त्याने दुसऱ्यांदा लिहिताना पोलीस आणि मित्र दोघांनाही काढून टाकलं. त्याच्या गोष्टीत आता कुलूप स्टँडवरच्या पार्सल ऑफिसचं आहे, आत त्याचाच विसरलेला डबा आहे आणि तो खिडकीच्या जाळीतून दिसतोय. शेवट अजून त्याला सापडलेला नाही, पण डबा आता बोटाने झाकता येत नाही.